चार आठवडे, पाच प्रकारचे प्रश्न आणि कोरा कागद

*ताई, चार आठवड्यांनी माझा पायथॉनचा लेखी पेपर आहे. ८० मार्क, दोन तास, सगळं हाताने लिहायचं. आउटपुट सांगा २० मार्कांना, चूक शोधा १० ला, फंक्शन लिहा ३० ला, रिकर्शन १० आणि फाइल वाचून प्रोग्राम १०. मी चॅप्टरनुसार टाइमटेबल केलं होतं, सोमवारी लूप, मंगळवारी लिस्ट असं. दोनदा सगळं वाचून झालं, नोट्स पण काढल्या. उत्तर समोर असलं की सगळं कळतं, पण जुना पेपर घेऊन बसले की हात चालतच नाही. रोज एक तास आणि शनिवार-रविवारी अडीच-अडीच तास मिळतात. आठवडा कसा लावू?*
*– कोरा कागद बघून घाबरलेली*

अगं, चॅप्टरवालं टाइमटेबल आधी बाजूला ठेव. वाईट आहे म्हणून नाही, पण पेपरात "लूप" नावाचा प्रश्न येतच नाही ना. पेपरात येतं "याचं आउटपुट काय" किंवा "असं असं करणारं फंक्शन लिहा", आणि लूप त्या दोन्हीत असतो पण दोन्ही ठिकाणी डोक्याला काम वेगळं पडतं. आउटपुट सांगताना दुसऱ्याचा कोड ओळीओळीने पाळायचा असतो, तिथे हुशारी केली की चुकतं. फंक्शन लिहिताना उलटं, समोर एकही ओळ नसते आणि पहिली ओळ कुठून आणायची हाच प्रश्न असतो. चूक शोधताना कोड वाचायचा, पण प्रत्येक ओळीवर संशय घेत वाचायचा. म्हणून सराव पण प्रकारानुसार वेगवेगळा लागतो आणि आठवडा त्यावरच बांधायचा.

आणि तो सुरू करायचा पहिल्या रविवारी एक जुना पेपर अख्खा सोडवून. घड्याळ लावून दोन तास, पुस्तक बंद, कॉम्प्युटर बंद. आत्ता तयारी झालेली नाही मग कशाला, असं वाटेल, पण तयारी झाल्यावर सोडवलास तर टाइमटेबल कशावरून बनवणार? तपासताना एकूण मार्कांकडे फार बघू नकोस, प्रकारानुसार पाच आकडे काढ.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याचा पेपर साधारण तुझ्यासारखाच होता. त्याचे पहिल्या रविवारचे आकडे असे होते: आउटपुट २० पैकी ९, चूक शोधा १० पैकी ६, फंक्शन ३० पैकी ११, रिकर्शन १० पैकी ३, फाइल १० पैकी ७. एकूण ३६. बघितल्याबरोबर तो म्हणाला की फंक्शनमध्ये १९ मार्क गेलेत तर आठवडाभर फंक्शनच लिहितो. हिशोबाने बरोबरच वाटतं, पण मी त्याला पहिला आठवडा आउटपुटवरच जास्त बसवलं, कारण कागदावर फंक्शन लिहिलं की ते बरोबर आहे का हे सांगायला मशीन नसतं, ते आपल्यालाच ओळीओळीने चालवून बघावं लागतं आणि तेच ज्याला जमत नाही त्याला स्वतःची चूक दिसणारच कशी. रिकर्शनचं पण तसंच, तिथे फक्त ३ मिळाले ते बऱ्याच अंशी ट्रेस, म्हणजे कोड असा ओळीओळीने चालवून बघणं, न जमल्यामुळेच. त्यामुळे आधी ट्रेस, बाकीचं त्याच्या जीवावर.

आता ट्रेसचा सराव म्हणजे काय ते एका प्रश्नावर दाखवते, कारण "रोज चार आउटपुट सोडव" एवढंच सांगितलं तर तू डोळ्यांनी सोडवशील.

```python
a = [3, 8, 2, 5]
t = 0
for i in range(1, len(a)):
    if a[i] > a[i-1]:
        t = t + a[i]
    else:
        a[i] = a[i-1]
print(t, a)
```

पुढे वाचायच्या आधी कागदावर सोडव बघू.

त्या मुलाने उत्तर दिलं होतं `13 [3, 8, 8, 5]`. बरोबर उत्तर आहे `8 [3, 8, 8, 8]`. आता नुसतं "चुकलं, पुढचा घे" केलं असतं तर हा प्रश्न वाया गेला असता. चुकला कुठे ते बघ. `i` १ असताना ८ हा ३ पेक्षा मोठा, `t` झाला ८, बरोबर. `i` २ असताना २ हा ८ पेक्षा मोठा नाही, म्हणून `a[2]` मध्ये ८ गेले, हेही त्याने बरोबर केलं. पण `i` ३ झाल्यावर ५ ची तुलना करायला तो वर प्रश्नात छापलेल्या लिस्टकडे गेला, तिथे ५ च्या आधी २ दिसले, ५ मोठा म्हणून `t` मध्ये मिळवून टाकला. खरं तर तोपर्यंत त्या जागी ८ आलेले होते आणि ५ काही ८ पेक्षा मोठा नाही. म्हणजे त्याला लूप येत होता, `range` येत होता, लिस्ट येत होती. त्याची चूक एकच, बदललेली किंमत सोडून छापील किंमत वाचणं. चॅप्टर परत वाचून ही चूक कधीच गेली नसती कारण कुठल्या चॅप्टरमध्ये ती नाहीच.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. तक्ता काढायचा, एक रकाना `i` चा, एक `t` चा, आणि लिस्ट बदलत असेल तर दर फेरीला अख्खी लिस्ट नव्याने लिहायची आणि प्रश्नातली मूळ लिस्ट पेन्सिलने चक्क काट मारून टाकायची, म्हणजे नजर तिकडे गेली तरी हात अडतो. सुरुवातीला एका प्रश्नाला दहा मिनिटं लागतील. लागू देत. पहिल्या आठवड्यात घड्याळ नकोच.

तर सोमवारी एक तासात असे चार प्रश्न. चारच, जास्त नाही, कारण प्रत्येक प्रश्न सोडवून झाल्यावर तोच कोड कॉम्प्युटरवर टाइप करून चालवायचा आणि जिथे चुकलं ती ओळ शोधून वहीत लिहायची, यात वेळ जातो. वहीत फार काही नको: प्रश्न कुठला, कुठल्या ओळीवर घसरले, आणि का, दोन-तीन शब्दांत. "जुनी किंमत वाचली", "शेवटची फेरी जास्त धरली" असं. "सिली मिस्टेक" हा शब्द मात्र या वहीत लिहायला बंदी, तो लिहिला की पुढे काय करायचं हे कधीच कळत नाही.

मंगळवारी फंक्शन. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण तुझे सगळ्यात जास्त मार्क इथेच आहेत आणि "हात चालत नाही" हे दुखणं पण इथलंच.

"फंक्शन लिहा" हा पेपरात एक मथळा आहे पण त्याच्या पोटात चार-पाच वेगळे प्रकार आहेत. तुझे सगळे जुने पेपर घे आणि फंक्शनचे प्रश्न विषयानुसार नाही तर सांगाड्यानुसार वेगळे कर. एक सांगाडा साठवणारा: लूपच्या आधी एक व्हेरिएबल, लूपमध्ये त्यात भर, शेवटी परत. बेरीज, मोजणी, सगळ्यात मोठा आकडा, हे सगळे त्यातलेच. दुसरा शोधणारा: सापडलं की लगेच परत जायचं, लूप संपेपर्यंत नाही सापडलं तर वेगळं काहीतरी द्यायचं. तिसरा नवी लिस्ट किंवा नवी स्ट्रिंग बनवणारा. चौथा डिक्शनरीत मोजणारा, कुठलं अक्षर किती वेळा आलं वगैरे. पाचवा लूपमध्ये लूप, जोड्या शोधा किंवा टेबल छापा टाइप. स्ट्रिंगमधले स्वर मोजा आणि लिस्टमधले पास झालेले मोजा हे दोन प्रश्न पुस्तकात दोन चॅप्टरमध्ये असतात पण सांगाडा एकच आहे. हे वर्गीकरण करायलाच तुला एक अख्खी संध्याकाळ लागेल आणि ती वाया गेली असं वाटू देऊ नकोस, कारण कोऱ्या कागदावर पहिली ओळ कुठून येते, तर सांगाडा ओळखण्यातून येते.

मग मंगळवारी एकच सांगाडा घ्यायचा, समजा शोधणारा, त्याचे तीन प्रश्न. आणि कोड लिहायच्या आधी तीन इनपुट लिहायचे त्यांच्या उत्तरांसकट. एक साधा, एक ज्यात उत्तर पहिल्या जागी नाही, एक ज्यात उत्तरच नाही किंवा लिस्ट रिकामी आहे. हे का, ते या कोडवर बघ. प्रश्न होता लिस्टमधला पहिला सम आकडा परत द्या, नसेल तर `None`.

```python
def pahila_sam(a):
    for x in a:
        if x % 2 == 0:
            return x
        else:
            return None
```

वाचायला एकदम मराठीसारखा वाटतो ना, सम असेल तर हा दे नाहीतर काही नाही. आणि `[4, 7]` देऊन तपासलं तर उत्तर ४, बरोबर. पण `[3, 4]` दे. पहिला आकडा ३, सम नाही, `else` मध्ये गेला आणि तिथेच `None` देऊन फंक्शन संपलं, ४ पर्यंत पोचलंच नाही. "एकही सापडला नाही" हे फक्त सगळी लिस्ट बघून झाल्यावरच म्हणता येतं, म्हणून `return None` लूपच्या बाहेर, `for` च्या खाली त्याच रेषेत यायला हवं आणि `else` ची गरजच नाही. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये बघितलीये की आता शोधणारा सांगाडा दिसला की माझी नजर आधी तिथेच जाते. आणि ती पकडायला फक्त एक इनपुट पुरतो, ज्यात उत्तर दुसऱ्या जागी आहे. म्हणून तो आधीच लिहून ठेवायचा, कोड झाल्यावर इनपुट निवडायला गेलं की आपण नकळत सोयीचाच निवडतो.

साठवणाऱ्या सांगाड्यात हमखास चुकतं ते सुरुवातीच्या किमतीत. सगळ्यात मोठा आकडा शोधताना `m = 0` ने सुरुवात केली आणि लिस्टमध्ये सगळे ऋण आकडे आले की उत्तर ० येतं जो लिस्टमध्ये नाहीच. `m = a[0]` ने सुरुवात कर. मग रिकामी लिस्ट आली तर काय, हा प्रश्न पडला तर छान, पेपरात काय सांगितलंय ते बघायचं. बाकीच्या सांगाड्यांच्या अशा खोडी तुझ्या तुला वहीत सापडतील.

एक महत्त्वाचं, फंक्शन आधी हाताने कागदावर पूर्ण लिहायचं आणि मग जसंच्या तसं, कोलन विसरलं असेल तर विसरलेलंच, टाइप करायचं. कॉम्प्युटर किती वेळा ओरडतो ते मोज. थेट कॉम्प्युटरवर सराव केला तर तो इंडेंटेशन आपोआप देतो, कंस स्वतः बंद करतो, लाल रेघ दाखवतो आणि आपल्याला वाटतं मला येतंय. कागदावर इंडेंटेशन कळावं म्हणून डावीकडे फिकट उभ्या रेघा मारून घे, `return` नक्की कशाच्या खाली आहे हे तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे, वरच्या कोडमध्ये मार्क नेमके त्या जागेवरच गेले होते.

बुधवारी परत आउटपुट, पण नवे फक्त दोन आणि त्याआधी सोमवारी चुकलेले, कोऱ्या कागदावर पहिल्यापासून. जो प्रश्न चुकला तो दोन दिवसांनी परत आणि मग साधारण आठवड्याने परत, एवढा एकच नियम. उत्तर पाठ झालं असेल अशी भीती असते आणि ती खरीच आहे, म्हणून प्रश्नात छोटा बदल करून सोडवायचा. वरच्याच कोडमध्ये `>` च्या जागी `>=` कर. बघ काय होतं: `i` २ ला २ च्या जागी ८ येतात ते तसंच, `i` ३ ला ५ हा ८ पेक्षा मोठा किंवा बरोबर नाही, म्हणजे उत्तर बदललंच नाही. आता लिस्ट `[3, 8, 8, 5]` कर, मग `>` ने ८ येतात आणि `>=` ने १६. असे बदल स्वतः करून आधी अंदाज लिहून मग चालवून बघणं हाच एक सराव आहे, आणि जुने पेपर संपले तरी प्रश्न संपत नाहीत.

गुरुवारी दुसरा सांगाडा, मंगळवारसारखंच. मंगळवारचे चुकलेले आधी, मग नवे दोन. शुक्रवारी चूक शोधा आणि फाइलचा एक प्रश्न. चूक शोधा यावर त्या मुलाला फार बसवलं नाही मी, कारण त्याची स्वतःचीच चुकलेली फंक्शन्स आठवड्यानंतर वाचायला दिली की तोच चूक शोधाचा सराव होतो, आणि खरं सांगायचं तर पुस्तकातल्यापेक्षा चांगला होतो कारण त्या चुका माणसाने खरोखर केलेल्या असतात. फाइलमध्ये १० पैकी ७ येत असतील तर आठवड्याला एक प्रश्न पुरे, गंजू नये एवढंच. तिथे जाणारे मार्क बहुतेक वेळा एकाच गोष्टीचे असतात, फाइलमधून आलेली ओळ स्ट्रिंग असते आणि शेवटी `\n` घेऊन येते, ते `strip()` ने काढायचं आणि आकडा हवा असेल तर `int()` करायचं, हे विसरणं.

मग येतो शनिवार आणि तो बाकीच्या पाच दिवसांपेक्षा वेगळा. आठवडाभर जे प्रश्न केले ते आणि काही नवे, असे दहा-बारा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिही, मिसळ, आणि एकेक काढ. चिठ्ठीवर प्रकार लिहायचा नाही. फंक्शनचा प्रश्न निघाला की कोड लिहायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायचा, कुठला सांगाडा. कारण मंगळवारी तुला आधीच माहीत होतं की आज शोधणारा आहे, पेपरात ते कोणी सांगणार नाहीये.

शनिवारी मार्क पडतील, हे आत्ताच सांगून ठेवते म्हणजे रविवारी मला रडका मेसेज यायला नको. यावर एक छान प्रयोग झालेला आहे, रोहरर आणि टेलर या दोघांनी २००७ मध्ये छापलेला, प्रोग्रामिंगवर नव्हता, गणितावर होता, चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं. काही विद्यार्थ्यांनी एकेका आकृतीचे प्रश्न सलग सोडवले, काहींनी तेच प्रश्न मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांचे ८९ टक्के बरोबर येत होते आणि मिसळवाल्यांचे ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ वर. म्हणजे सरावात जे सोपं जातंय त्यावरून परीक्षेचा अंदाज येत नाही. मग सोम ते शुक्र पण मिसळूनच का नाही करायचं, असं विचारशील. ज्याला सांगाडा एकदाही स्वतः लिहिता आलेला नाही त्याला मिसळून दिलं की तो नुसता गोंधळतो, असा माझा अनुभव आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात आधी वेगळं मग मिसळून. दुसऱ्या आठवड्यापासून गुरुवार पण मिसळायला हरकत नाही, तिसऱ्यात जवळजवळ सगळंच.

रविवारी अडीच तासांपैकी पहिला अर्धा तास फक्त वही. आठवड्याच्या चुका मोजायच्या आणि पुढचा आठवडा त्यावरून लावायचा, हा अर्धा तास टाळलास तर बाकी सगळं टाइमटेबल म्हणजे नुसत्या चौकटी. त्या मुलाच्या पहिल्या आठवड्यात अकरा चुका निघाल्या: पाच "जुनी किंमत वाचली", तीन "`return` चुकीच्या जागी", दोन सांगाडाच ओळखला नाही आणि एक प्रश्नच नीट वाचला नव्हता, छापा म्हटलं होतं तिथे परत दिलं होतं. आता बघ, पहिल्या पाच आणि पुढच्या तीन यांना वेगळं औषध आहे. जुनी किंमत म्हणजे तक्ता नीट काढत नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात सोमवार तसाच ठेवला पण लिस्ट बदलणारेच प्रश्न घेतले. `return` वाल्यासाठी मंगळवारी परत शोधणाराच सांगाडा. सांगाडा ओळखता येत नाही त्याला जास्त कोड लिहायला लावून उपयोग नाही, त्याला रोज दहा मिनिटं पाच प्रश्न फक्त वाचून सांगाड्याचं नाव लिहायला लावलं, कोड एक ओळही नाही. आणि जिथे चूक होण्याचं कारण "हे मला कळलेलंच नाही" असं निघेल, तिथे सराव थांबवून एक सोडवलेलं उदाहरण वाचायचं, झाकायचं, परत लिहायचं, मगच पुढे. नाहीतर न कळलेल्या गोष्टीचे वीस प्रश्न म्हणजे वीस वेळा तीच चूक पक्की करणं.

रविवारचे उरलेले दोन तास पहिल्या आठवड्यात ट्रेसचे मागे पडलेले आणि दुसऱ्यापासून रिकर्शनला. रिकर्शन दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवायचं, तोपर्यंत तक्त्याची सवय झालेली असते. तिथे तक्त्याऐवजी झाड काढायचं, म्हणजे कुठल्या कॉलमधून पुढे कुठले कॉल निघतात त्याच्या फांद्या. नुसती किंमत विचारली असेल तर मात्र झाडाशिवायही भागतं.

```python
def f(n):
    if n <= 1:
        return 1
    return f(n-1) + f(n-3)
```

`f(5)` विचारलं तर वरून उड्या मारत जाऊ नकोस, खालून बांध. `f(1)`, `f(0)`, `f(-1)` सगळे १. म्हणून `f(2)` म्हणजे १ अधिक १, २. `f(3)` म्हणजे `f(2)` अधिक `f(0)`, ३. `f(4)` म्हणजे ३ अधिक `f(1)`, ४. `f(5)` म्हणजे ४ अधिक `f(2)`, ६. इथे घसरण होते ती `f(-1)` वर, ऋण आलं की मुलं ० धरतात, आणि अट मात्र `n <= 1` अशी आहे, त्यात -१ पण येतो. खालून बांधणं फक्त किंमत विचारली असेल तेव्हाच बरं का, मध्ये `print` असेल तर क्रम लागतो आणि मग झाडच काढावं लागतं, डावी फांदी पूर्ण संपल्याशिवाय उजवीकडे जायचं नाही.

घड्याळ दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारपासून. ८० मार्कांना १२० मिनिटं म्हणजे मार्काला दीड मिनिट, पण शेवटची दहा मिनिटं तपासायला ठेवलीस तर ११० उरतात, म्हणजे पाच मार्कांच्या आउटपुटला सात मिनिटांच्या आत आणि दहा मार्कांच्या फंक्शनला तेरा-चौदा. वेळ संपली की तिथे रेघ मार आणि पुढे पूर्ण कर, रेघेच्या वर किती झालं होतं ते वेगळं मोज. फंक्शनच्या चौदा मिनिटांत तीन इनपुट लिहायची दोन मिनिटं धरलेली आहेत, ती वाचवायला जाशील तर मग खाडाखोडीत पाच जातील.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीच्या रविवारी दुसरा अख्खा पेपर, चौथ्याच्या सुरुवातीला तिसरा. त्या दोन रविवारी वहीनंतरचे दोन तास पेपरलाच जातात, मग रिकर्शन त्या आठवड्याच्या शुक्रवारी सरकव, चूक शोधाच्या जागी. त्या मुलाचे दुसऱ्या पेपरात आउटपुट १६, चूक शोधा ७, फंक्शन १७, रिकर्शन ४ आणि फाइल ७ आले, एकूण ५१. रिकर्शन फारसं हललंच नाही बघ, आणि त्याने विचारलं की आता पुढचा आठवडा पूर्ण रिकर्शनच करू का. नाही करू दिलं. १० मार्कांच्या प्रकारात ६ बाकी आणि फंक्शनमध्ये अजून १३ बाकी, शिवाय फंक्शनच्या वहीत चुका आता दोनच प्रकारच्या उरल्या होत्या म्हणजे त्या जाण्यासारख्या होत्या. रिकर्शनचा शुक्रवार तेवढा ठेवला, फक्त किंमत विचारणारे प्रश्न घेतले आणि `print` वाले चक्क सोडून दिले. तुझ्या बाबतीत उलटंही निघू शकेल, आकडे बघून ठरव.

चौथ्या आठवड्यात नवे प्रश्न बुधवारपर्यंतच. त्यानंतर फक्त वहीतले, त्यातही जे दोनदा परत करून दोन्हीदा बरोबर आले ते काट मारून बाजूला, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांसाठी पंधरा-वीसच उरतात.

रविवारी पहिला पेपर झाला की तुझे पाच आकडे पाठव. आणि आउटपुटमध्ये १२ च्या खाली आले तर मंगळवारचं फंक्शन पहिल्या आठवड्यापुरतं दोन प्रश्नांवर आण, उरलेला वेळ तक्त्याला दे, मला विचारायला थांबू नकोस.